व्हॅलिडिटीची पावती म्हणजे काय, आणि काय नाही: अभियांत्रिकी प्रवेशातली जात व उत्पन्नाच्या दाखल्यांची तपासणी

बारावीनंतर सीईटी देऊन अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाच्या घरी जून-जुलैत दाखल्यांची फाईल टेबलावर येते, तेव्हा बहुतेकांना वाटतं की जातीचा दाखला असला म्हणजे झालं. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, तेवढ्याने भागत नाही. तिथे तीन वेगळे प्रश्न विचारले जातात. हा मुलगा अमुक जातीचा आहे, असं सक्षम अधिकाऱ्याने लिहून दिलं आहे का? ते लिहून दिलेलं खरं आहे, असं पडताळणी समितीने ठरवलं आहे का? आणि जिथे लागू आहे तिथे, त्याचं कुटुंब उन्नत गटाच्या बाहेर आहे का? या तिन्हींची उत्तरं तीन वेगवेगळ्या कागदांवर असतात. ते कागद वेगवेगळ्या कार्यालयांतून निघतात आणि त्यांची मुदतही निरनिराळी असते. सर्वाधिक प्रवेश अडकतात ते दुसऱ्या कागदाशी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राशी. म्हणून इथे भर त्यावर आहे.

कोणाला कोणता कागद

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जातीचा दाखला आणि जात वैधता लागते. अनुसूचित जमातीला जमातीचा दाखला आणि जमात वैधता. या दोघांना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती (ब, क, ड), इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी यांना मात्र तिन्ही लागतात: दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. ईडब्ल्यूएसचं गणित वेगळं आहे. तिथे जातीची पडताळणीच नाही, फक्त आर्थिक दुर्बलतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते अशाच कुटुंबाला मिळतं जे दुसऱ्या कुठल्या आरक्षणात बसत नाही.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांत, देतात. वैधता देते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र समित्या आहेत. हा सगळा डोलारा 2001 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23 वर उभा आहे. त्या कायद्यातली एक गोष्ट पालकांनी सुरुवातीलाच मनात पक्की करावी: आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. समितीने खोडून काढेपर्यंत दावा खरा धरला जातो, असा समज असेल तर तो सोडून द्यावा.

दुसऱ्या राज्यातून मिळालेल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात राखीव जागा मिळत नाही, जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी. कुटुंब कामानिमित्त इकडे स्थायिक झालं असेल तर हे आधीच तपासावं, कारण ई-स्क्रुटिनीत असा दाखला परत येतो तेव्हा हाताशी वेळ उरलेला नसतो.

अपलोड करण्याआधी घरी बसून वाचायच्या गोष्टी

ई-स्क्रुटिनी म्हणजे तुम्ही स्कॅन करून टाकलेले कागद तपासणी अधिकारी पडद्यावर उघडतो आणि अर्जातल्या नोंदींशी ताडून पाहतो. पटलं तर अर्ज पक्का होतो आणि पोचपावती निघते. नाही पटलं तर अर्ज शेरा मारून तुमच्या लॉगिनमध्ये परत येतो, आणि तो दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तुमचा अर्ज पक्का नसतो. घरात इंटरनेट किंवा स्कॅनरची अडचण असेल तर प्रत्यक्ष तपासणी केंद्रावर मूळ कागद घेऊन जाण्याचा पर्याय असतो.

अधिकारी कुठे थांबतो ते ठाऊक असलं तर निम्मे परत येणारे अर्ज वाचतात. पहिली नजर नावावर जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, दाखल्यावर नाव आधी, एवढ्याने बिघडत नाही. वडिलांचं नाव एका कागदावर "बाळासाहेब" आणि दुसऱ्यावर "बाळू" असेल तर मात्र बिघडतं. दुसरी नजर जातीवर आणि प्रवर्गावर जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "हिंदू-मराठा" आणि जातीच्या दाखल्यावर "कुणबी" असेल तर तो विरोध मिटवण्याचं काम समितीचं आहे. तपासणी अधिकारी फक्त एवढंच पाहतो की तुमच्या अर्जातला प्रवर्ग दाखल्यावरच्या प्रवर्गाशी जुळतो की नाही. "भटक्या जमाती" एवढंच लिहून भागत नाही. ब, क की ड हे स्पष्ट हवं, कारण या तीन गटांच्या जागा वेगळ्या आहेत.

तिसरी तपासणी लोक हमखास विसरतात. वैधता प्रमाणपत्रावर, ज्या जातीच्या दाखल्याची पडताळणी झाली त्याचा क्रमांक आणि दिनांक छापलेला असतो. मधल्या काळात नाव दुरुस्तीसाठी किंवा जुना दाखला फाटला म्हणून तुम्ही नवा दाखला काढला असेल, तर नव्याचा क्रमांक वैधतेवर नसतो. दोन्ही कागद खरे असूनही एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी ज्या दाखल्यावर वैधता मिळाली तोच अपलोड करायचा. तो हरवला असेल तर वैधता समितीकडूनच दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि ते काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही.

विवाहित विद्यार्थिनींच्या बाबतीत जात जन्माने धरली जाते, म्हणून कागद माहेरच्या नावावरचेच लागतात. नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडावं. नॉन-क्रिमीलेअरसाठीही उत्पन्न आईवडिलांचं पाहिलं जातं, नवऱ्याचं नाही.

नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला: दोन वेगळे कागद

या दोघांवर जो घोळ होतो तो दरवर्षी सारखाच असतो. दोन्हींवर आठ लाखांचा आकडा दिसतो, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा लावतात.

नॉन-क्रिमीलेअरसाठी आईवडिलांचं लगतच्या तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात आणि मर्यादा 8 लाख रुपये आहे. पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. व्यवसाय, भाडं, व्याज असं इतर उत्पन्न धरतात. त्याबरोबर आईवडिलांच्या पदाचीही कसोटी असते. थेट भरतीने वर्ग एकच्या पदावर आलेल्या अधिकाऱ्याचं मूल उत्पन्न कितीही असलं तरी उन्नत गटात जातं. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलदार देतात आणि त्यात पगार, शेती, सगळं एकत्र मोजतात.

उदाहरण घेऊ. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्यांचा वार्षिक पगार 9 लाख आहे. आईच्या नावावर शेती आहे, तिचं उत्पन्न 1 लाख 40 हजार. बाकी व्याज धरून 30 हजार. या कुटुंबाला नॉन-क्रिमीलेअर मिळतं, कारण मोजायचं उत्पन्न 30 हजारच आहे आणि शिक्षकाचं पद वर्ग एकचं नाही. त्यामुळे मुलगी इतर मागासवर्गाच्या जागेवर प्रवेश घेऊ शकते. पण त्याच कुटुंबाचा उत्पन्नाचा दाखला 10 लाख 70 हजारांचा निघतो. 8 लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून शंभर टक्के माफ झालं आहे, ती सवलत तिला मिळत नाही. शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागेलाही ती पात्र ठरत नाही, कारण तिथेही 8 लाखांचाच दाखला लागतो. म्हणजे राखीव जागा मिळाली आणि फी पूर्ण भरावी लागली, असं होऊ शकतं. प्रवेशाच्या दिवशी ही गोष्ट कळली की घरात गोंधळ उडतो. आधी कळली तर निदान पैशांची तजवीज करता येते.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते. 2026-27 च्या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2027 पर्यंत वैध असलेलं लागतं. मागच्या वर्षी काढलेल्या एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर "31 मार्च 2026 पर्यंत" असं छापलेलं असतं आणि तेच विद्यार्थी उत्साहाने अपलोड करतात. प्रमाणपत्र खरं आहे, पण मुदत संपलेली आहे, त्यामुळे ते नसल्यातच जमा. आज हातात असलेलं उघडून ती तारीख आधी वाचा.

आणखी एक चूक म्हणजे केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. जेईई किंवा नीटसाठी काढलेलं ओबीसी-एनसीएल किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र केंद्रीय कामांसाठी असतं. राज्याच्या कॅपला राज्याच्या नमुन्यातलंच लागतं. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलांनी दोन्ही नमुने वेगळे काढून ठेवावेत. यात कसलीही लबाडी नाही.

पावती: कोणती चालते, किती दिवस चालते

आता मुख्य मुद्दा. वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र हातात नसेल, तर त्यासाठी अर्ज केल्याची पावती लावून अर्ज भरता येतो. जातीच्या मूळ दाखल्याऐवजी मात्र पावती चालत नाही. तो हातात हवाच.

कोणती पावती? वैधतेचा अर्ज ऑनलाइन भरला की एक अर्ज क्रमांक मिळतो आणि अनेकांना वाटतं की हीच पावती. ऑनलाइन अर्ज ही फक्त सुरुवात असते. छापील अर्ज, शपथपत्रं आणि पुरावे महाविद्यालयामार्फत समितीकडे पोचल्यावर, समितीच्या शिक्क्याची किंवा नोंदीची जी पोच मिळते ती खरी पावती. ती नसेल तर समितीच्या दृष्टीने तुमची फाईल अजून आलेलीच नाही, आणि पुढे चौकशीला गेलात तर बाबू "असा अर्ज आमच्याकडे नाही" असं म्हणतील आणि ते बरोबर म्हणतील. म्हणून पावतीवर समितीचं नाव, नोंद क्रमांक, दिनांक आणि तुमचं नाव स्पष्ट वाचता येतं ना, हे तिथेच पाहून घ्या.

पावतीने काय मिळतं? तुमचा प्रवर्ग तात्पुरता धरला जातो. तात्पुरत्या गुणवत्ता यादीत तुम्ही त्या प्रवर्गात दिसता. पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत सादर करण्याची जबाबदारी तुमच्यावर राहते. ही मुदत नेमकी कोणती, ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत आणि वेळापत्रकात असतं. सर्वसाधारणपणे ती हरकती नोंदवण्याच्या, म्हणजे अंतिम गुणवत्ता यादीच्या आधीच्या, टप्प्याशी बांधलेली असते. काही वर्षी शासनाने स्वतंत्र निर्णय घेऊन मुदत वाढवली. 2024-25 मध्ये काही प्रवर्गांना वैधतेसाठी सहा महिने मिळाले होते. पण त्या वेळची सवलत त्या वर्षापुरती असते. यंदाही मिळेल असं गृहीत धरून वैधतेचा अर्ज मागे टाकू नये. मिळाली तर चांगलं.

मुदतीत कागद आला नाही तर प्रवर्गाचा दावा रद्द होऊन विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो, तो खुल्या प्रवर्गाची पात्रता पूर्ण करत असेल तर. हे शेवटचं वाक्य लोक वाचत नाहीत आणि खरा फटका तिथेच बसतो.

एक प्रकरण आकड्यांसह

इतर मागासवर्गातली एक विद्यार्थिनी धरू. बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र या विषयांत तिला 300 पैकी 128 गुण आहेत, म्हणजे 42.67 टक्के. अभियांत्रिकीसाठी खुल्या प्रवर्गाला या विषयांत किमान 45 टक्के, म्हणजे 135 गुण लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय व ईडब्ल्यूएस उमेदवारांना 40 टक्के, म्हणजे 120. ओबीसी म्हणून ती पात्र आहे. तिने वैधतेच्या पावतीवर अर्ज भरला. मुदतीत वैधता आली नाही. आता ती खुल्या प्रवर्गात जात नाही. ती गुणवत्ता यादीतूनच बाहेर जाते, कारण 128 हे 135 पेक्षा कमी आहेत. सीईटीत कितीही पर्सेंटाइल असले तरी उपयोग नाही.

दुसरी विद्यार्थिनी, त्याच प्रवर्गातली, तिला 190 गुण आहेत, म्हणजे 63.33 टक्के. मुदतीत वैधता आली नाही तर ती खुल्या प्रवर्गात उरते. तिचा गुणवत्ता क्रमांक तोच राहतो, पण आता ती फक्त खुल्या जागांसाठी स्पर्धा करते. तिने पसंतीक्रमात केवळ ओबीसीच्या कटऑफला जुळणारी महाविद्यालयं भरली असतील, तर तिला जागाच मिळणार नाही. तिने खुल्या कटऑफला पोचणारी चार-पाच महाविद्यालयं खाली जोडली असती, तर किमान एक जागा पदरात पडली असती. म्हणून पावतीवर असलेल्या प्रत्येकाने पसंतीक्रम दोन थरांत भरावा: वर आपल्या प्रवर्गाने मिळू शकतील ती महाविद्यालयं, आणि खाली खुल्या प्रवर्गाच्या मागच्या वर्षीच्या कटऑफला आपल्या पर्सेंटाइलने पोचता येईल अशी.

जागावाटपाचा निकाल आला की आधी जागेचा प्रकार वाचा. `GOBCH` असं दिसलं तर ती सर्वसाधारण गटातली, ओबीसीची, होम युनिव्हर्सिटीची जागा आहे. `LOBCH` म्हणजे तीच, पण मुलींसाठीची. `GOPENH` असं दिसलं, म्हणजे तुमचा क्रमांक इतका वर होता की तुम्हाला खुलीच जागा मिळाली. पहिल्या दोन जागा वैधतेवर उभ्या आहेत. तिसरी नाही, तुम्ही खुल्या प्रवर्गाची पात्रता पूर्ण करत असाल तर. एवढंच लक्षात ठेवा की वैधता आली नाही, तर त्या खुल्या जागेवरही मागासवर्गीय म्हणून मिळणारी फी सवलत मिळणार नाही.

राखीव जागा मिळाली आणि वैधता अजून आलेली नाही, तर काय? ठरलेल्या टप्प्यावर ती न दिल्यास वाटप झालेली जागा रद्द होते आणि पुढच्या फेऱ्यांत तुम्ही खुल्या प्रवर्गातून विचारात घेतले जाता. म्हणूनच वैधता शेवटच्या फेरीपर्यंत ताणत नेणं धोक्याचं आहे. सुरुवातीच्या फेरीत रद्द झाली तर अजून फेऱ्या उरलेल्या असतात. शेवटच्या फेरीत झाली तर केंद्रीय प्रक्रियेत काहीच उरत नाही, मग संस्थास्तरावरच्या उरलेल्या जागा पाहाव्या लागतात.

महाविद्यालयात आणि त्यानंतर

जागा स्वीकारून महाविद्यालयात हजर झालात की मूळ कागद पुन्हा तपासले जातात. काउंटरवरचा लिपिक "चालेल, नंतर द्या" म्हणाला तरी त्यावर विसंबून राहू नका. महाविद्यालय सगळ्या प्रवेशांची यादी कागदांसह प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे पाठवतं आणि तिथे प्रत्येक प्रवेश स्वतंत्रपणे मंजूर होतो. वैधता नसलेला राखीव प्रवेश तिथे अडतो. मग विद्यापीठाची नोंदणी, परीक्षेचा अर्ज आणि शिष्यवृत्ती, सगळं मागोमाग अडतं. काउंटरवरचं आश्वासन तोंडी असतं आणि प्राधिकरणाचा शेरा लेखी असतो. म्हणून मुदत कोणी वाढवली, कोणत्या परिपत्रकाने, हे लेखी मागावं.

वैधता का अडते, आणि समितीकडे काय करायचं

बहुतेक प्रकरणं जात खोटी म्हणून अडत नाहीत. पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा नसतो म्हणून अडतात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधी कुटुंब महाराष्ट्रात त्या जातीचं म्हणून नोंदलेलं होतं का, हे पाहिलं जातं. मुलाचा आणि वडिलांचा शाळेचा दाखला एवढ्याने ते सिद्ध होत नाही, कारण वडील बहुधा त्यानंतर जन्मलेले असतात. आजोबा किंवा पणजोबांचे कागद लागतात.

ते कुठे मिळतात? पहिली जागा म्हणजे आजोबांची शाळा. तिथे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर न थांबता जनरल रजिस्टरचा उतारा मागा. दाखला नंतर कधीही लिहिलेला असू शकतो, रजिस्टर त्या वेळचं असतं, म्हणून समिती त्याला जास्त मान देते. शाळा न शिकलेल्या आजोबांसाठी तहसील कार्यालयातलं जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुक, उपयोगी पडतं. त्यात जातीची नोंद असते. जुने खरेदीखत, फेरफार, वारस नोंदी यांत जात किंवा व्यवसाय लिहिलेला सापडतो. या नक्कला मिळायला दिवस जातात आणि काही रजिस्टरं इतकी जीर्ण असतात की पान उलटायलाही परवानगी लागते. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करावं. अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच महाविद्यालयामार्फत वैधतेचा अर्ज करता येतो आणि तीच योग्य वेळ आहे.

वडील, काका, सख्खा भाऊ किंवा बहीण अशा पितृपक्षातल्या रक्ताच्या नातेवाइकाला आधीच वैधता मिळाली असेल तर काम खूप सोपं होतं. वैधता फसवणुकीने मिळवल्याचं दिसत नसेल तर त्याच रक्तातल्या दुसऱ्याला ती सहसा नाकारू नये, अशी मुंबई उच्च न्यायालयाची 2010 पासूनची भूमिका आहे. पण नातं सिद्ध करावं लागतं. वंशावळीचं शपथपत्र लिहिताना काकांच्या वैधतेवर आजोबांचं नाव जसं आहे तसंच वंशावळीत असलं पाहिजे. "रामा", "रामचंद्र" आणि "रामभाऊ" एकच माणूस आहेत, हे तुम्हाला माहीत असतं. समितीला ते शपथपत्रातून आणि जोडलेल्या कागदांतूनच कळतं. मामा किंवा आजोळच्या कोणाची वैधता इथे उपयोगी पडत नाही.

समितीला शंका आली तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. पथकाचे लोक गावात, शाळेत आणि घरी येऊन चौकशी करतात, कागदांच्या मूळ नोंदी पाहतात आणि अहवाल देतात. अहवाल तुमच्या विरुद्ध असेल तर त्याची प्रत आणि कारणे दाखवा नोटीस तुम्हाला मिळते. तिला उत्तर देण्याची संधी वाया घालवू नका. सुनावणीला मूळ कागद घेऊन पालकांनी स्वतः हजर राहावं. अनुसूचित जमातीच्या प्रकरणांत रूढी, देवक, कुलदैवत, बोली अशा गोष्टींवरून आप्तभावाची चाचणी होते. पण सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 च्या निकालात सांगितलं आहे की ही चाचणी एकमेव निर्णायक कसोटी नाही. जुने लेखी पुरावे भक्कम असतील तर मुलाला एखादा विधी सांगता आला नाही म्हणून दावा कोसळू नये. नोटिशीला उत्तर देताना हा निकाल जरूर नमूद करावा.

प्रकरण प्रलंबित असेल तर समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात तुमचा नोंद क्रमांक, सीईटीचा अर्ज क्रमांक आणि कॅपच्या वेळापत्रकातली तुमची शेवटची तारीख लिहा, वेळापत्रकाची प्रत जोडा आणि एका प्रतीवर पोच घ्या. समितीसमोर हजारो फाईली असतात आणि कोणाची मुदत कधी आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. त्रुटीचं पत्र आलं असेल, तर ती त्रुटी पूर्ण केल्याचा कागद आधी द्या आणि मग घाई करा. त्रुटी तशीच ठेवून तगादा लावल्याने काही पुढे सरकत नाही. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो अर्जात दुरुस्त करा, कारण त्रुटीचे संदेश जुन्या नंबरवर जाऊन पडलेले असतात आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

वैधता नाकारली गेली तर

"प्रलंबित" आणि "अवैध" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रलंबित म्हणजे निर्णय व्हायचा आहे. अवैध ठरलं तर जातीचा दाखलाच रद्द होऊन जप्त होतो. कायद्याच्या कलम 10 नुसार त्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश आणि इतर लाभ परत जातात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की दावा अवैध ठरल्यावर केवळ सहानुभूतीपोटी किंवा वर्षं उलटली म्हणून त्या लाभाला संरक्षण देता येत नाही. म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात असलेल्या मुलाचा प्रवेशही जाऊ शकतो. दाखला जाणीवपूर्वक खोटा मिळवला असेल तर कलम 11 खाली फौजदारी कारवाईही होते.

समितीचा आदेश अंतिम असतो. त्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील नाही. उच्च न्यायालयातच रिट याचिका करता येते. तिथे अनेकदा मुद्दा असतो की समितीने एखादा पुरावा विचारातच घेतला नाही किंवा रक्ताच्या नातेवाइकाची वैधता कारण न देता बाजूला सारली. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा आणि समितीला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवा. न्यायालयाने अंतरिम आदेश दिला तर त्याची प्रत महाविद्यालय, सीईटी कक्ष आणि प्रवेश नियामक प्राधिकरण या तिघांकडे त्याच दिवशी पोचवायची असते, कारण आदेश झाला म्हणून पोर्टलवरचा शेरा आपोआप बदलत नाही.